धुऱ्याचा दावा आणि मुद्द्यांचा कागद

वाशीम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यातील इंझोरीसारख्या गावाच्या शिवारात, जेथे काळ्या जमिनीवर कापूस, तूर आणि सोयाबीन आलटून पालटून उभे राहतात, तेथे दोन शेतांच्या मध्ये जी हातभर उंचीची, गवताने झाकलेली मातीची रेघ असते तिला आम्ही वऱ्हाडात धुरा म्हणतो. आणि या धुऱ्याचे वैशिष्ट्य असे की तो एका जागी उभा असल्यासारखा दिसत असला तरी, वखरणीच्या प्रत्येक हंगामात एखादे तास इकडून वा तिकडून त्याच्यात शिरत गेल्यामुळे, पंधरावीस वर्षांत तो आपली जागा सोडून कोठल्या कोठे सरकलेला असतो. प्रथम बोलाचाली होते, मग गावातील चार वडीलधारे मध्यस्थी करतात, मग मोजणीचा अर्ज जातो, आणि त्यातूनही निभाव लागला नाही म्हणजे प्रकरण दिवाणी न्यायालयात दाखल होते. दावा दाखल झाला, समन्स बजावले गेले, प्रतिवादीची कैफियत आली, आणि त्यानंतर एके दिवशी रोजनाम्यात ‘मुद्द्यांकरिता’ अशी एक तारीख पडते.

त्या तारखेस पक्षकार बहुधा हजर राहत नाही. साक्ष नाही, उलटतपासणी नाही, युक्तिवाद नाही, मग एक दिवसाची मजुरी बुडवून एस.टी.चे भाडे कशाला खर्चावे, असा त्याचा साधा हिशेब असतो. परंतु त्याच दिवशी न्यायाधीश एका कागदावर चारपाच प्रश्नार्थक वाक्ये लिहितात, आणि पुढे जी वर्षे त्या दाव्यात जाणार असतात ती सर्व त्या चारपाच वाक्यांची उत्तरे शोधण्यात जातात. कोणी काय सिद्ध करायचे, कोणता साक्षीदार बोलवायचा, कोणता दस्तऐवज निरुपयोगी आणि कोणता अपरिहार्य, अपिलात कशावर बोलता येईल, आणि निकालानंतर तोच वाद पुन्हा उकरून काढता येईल की नाही, हे सारे त्या कागदावरून ठरते. तो कागद कसा तयार होतो, आणि त्यातील एका शब्दाच्या फेराने खटल्याची दिशा कशी बदलते, हे एक धुऱ्याचाच दावा घेऊन पाहू. दावा मी उदाहरणादाखल रचलेला आहे, पण त्यातील एकही गोष्ट अशी नाही की जी तालुक्याच्या न्यायालयात नित्य घडत नाही.

वादीचे शेत सातबाऱ्याप्रमाणे दोन हेक्टरचे, लांबी दोनशे मीटर आणि रुंदी शंभर मीटर, असे समजा. त्याच्या पश्चिमेस प्रतिवादीचे शेत, आणि दोहोंच्या मध्ये दोनशे मीटर लांबीचा धुरा. वादीने भूमी अभिलेख खात्याकडून मोजणी करविली, तेव्हा असे दिसले की त्याच्या ताब्यात प्रत्यक्षात एक हेक्टर अठ्ठ्याऐंशी आरच जमीन आहे, आणि उरलेले बारा आर, म्हणजे धुऱ्याच्या संपूर्ण लांबीभर सहा मीटर रुंदीचा पट्टा, प्रतिवादीच्या वहितीत आहे. त्याने वादपत्रात लिहिले की मी या गटाचा मालक आहे, प्रतिवादीने पश्चिमेकडून बारा आर जमिनीवर अतिक्रमण केले आहे, आणि त्या पट्ट्याचा कबजा मला परत मिळावा. प्रतिवादीने कैफियतीत तीन गोष्टी सांगितल्या. वादी त्याच्या गटाचा मालक आहे हे मला मान्य आहे. परंतु मी अतिक्रमण केलेले नाही, मोजणी माझ्या पश्चात झाली आणि ती चुकीची आहे. आणि तरीही तो पट्टा वादीचा ठरलाच, तर माझ्या वडिलांच्या काळापासून, बारा वर्षांहून कितीतरी अधिक काळ, तो आमच्या उघड आणि अखंड कबजात असल्याने आता आम्हीच त्याचे मालक आहोत.

दिवाणी प्रक्रिया संहिता १९०८ सालची. तिच्या चौदाव्या आदेशातील पहिला नियम सांगतो की तथ्याचे अथवा कायद्याचे एखादे महत्त्वाचे विधान एका पक्षाने करावे आणि दुसऱ्याने नाकारावे, तेव्हा मुद्दा उत्पन्न होतो, आणि असे प्रत्येक विधान हा एक स्वतंत्र मुद्दा असतो. म्हणजे मुद्दा हा वादपत्रातही नसतो आणि कैफियतीतही नसतो. दोन कागद शेजारी शेजारी ठेवून, ओळीगणिक ताडून पाहिले असता, एकाचा होकार जेथे दुसऱ्याच्या नकारावर आदळतो त्या ठिकाणी तो असतो. म्हणूनच न्यायाधीशाने दोन्ही कागद स्वतः वाचावेत, आवश्यक तेथे दहाव्या आदेशाखाली पक्षकारांना तोंडी विचारून वादाचे खरे स्वरूप मोकळे करून घ्यावे, वकिलांचे म्हणणे ऐकावे, आणि मगच मुद्दे काढावेत, असा कायद्याचा क्रम आहे. जे स्पष्टपणे नाकारलेले नाही ते आठव्या आदेशाच्या पाचव्या नियमाप्रमाणे सामान्यतः मान्य समजले जाते, आणि जे मान्य आहे त्यावर मुद्दा काढण्याचे कारण उरत नाही.

आता आमच्या दाव्यात या कसोटीने काय होते ते पाहा. घाईच्या दिवशी, समोर साठसत्तर प्रकरणे असताना, वकिलांनी दिलेल्या मसुद्यावरून पहिला मुद्दा हमखास असा लिहिला जातो: ‘वादी हा दाव्यातील शेताचा मालक असल्याचे सिद्ध करतो काय?’ वाक्य निर्दोष दिसते, पण या दाव्यात ते अस्थानी आहे, कारण वादीची त्याच्या गटावरील मालकी प्रतिवादीने नाकारलेलीच नाही. तरीही मुद्दा निघाला म्हणून वादीचा वकील त्यावर पुरावा देतो: आजोबांचे खरेदीखत, वारसांचे फेरफार, वीस वर्षांचे सातबारे, तलाठ्याची साक्ष. उलटतपासणी फेरफाराच्या तारखांवर चालते. दोन वर्षे जातात. आणि ज्या प्रश्नासाठी दावा आला, तो धुरा नेमका कोठे होता आणि आता कोठे आहे, यावर रेकॉर्डमध्ये एक मोजणीचा नकाशा तेवढा नुसता लावलेला असतो, आणि तो काढणाऱ्या भूमापकाला कोणी साक्षीस बोलावलेलेच नसते.

याच दाव्यात योग्य मुद्दा असा होता: ‘वादीच्या गटाच्या पश्चिम बाजूस, मोजणी नकाशात दर्शविलेल्या बारा आर क्षेत्रावर प्रतिवादीने अतिक्रमण केल्याचे वादी सिद्ध करतो काय?’ या वाक्यात क्षेत्र आहे, दिशा आहे, नकाशा आहे, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ‘वादी सिद्ध करतो काय’ हे चार शब्द आहेत. हेच वाक्य ‘आपण अतिक्रमण केले नसल्याचे प्रतिवादी सिद्ध करतो काय?’ असे लिहिले असते, तर सारा दावाच उलटा झाला असता. जो न्यायालयाकडे निकाल मागतो त्याने ज्या तथ्यांवर तो अवलंबून आहे ती सिद्ध करावीत, हा पुरावा कायद्याचा मूळ नियम १८७२ च्या अधिनियमाच्या कलम १०१ मध्ये होता आणि आता १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १०४ मध्ये आहे; मुद्द्याच्या वाक्यातील कर्ता हा त्या नियमाला अनुसरूनच लिहिला पाहिजे. दोन्ही बाजूंचा पुरावा सारखाच दुबळा ठरला, न्यायाधीशाच्या मनात काहीच ठाम उमटले नाही, तर ज्याच्या नावाने मुद्दा आहे तो हरतो.

मुद्दा असा नेमका लिहिला गेला की पुरावा आपोआप वाट धरतो. मुद्दे काढल्यापासून पंधरा दिवसांच्या आत साक्षीदारांची यादी द्यावी लागते, आणि आता त्या यादीत भूमापकाचे नाव पहिले असते. शेजाऱ्याला मोजणीची नोटीस दिली होती काय, मोजणी कोणत्या खुणांपासून सुरू केली, केवळ वादीचाच गट मोजला की प्रतिवादीचाही, मूळ अभिलेखातील आकृतीशी मेळ घातला काय, हे प्रश्न त्याला विचारले जातात. यातील तिसरा प्रश्न मला नेहमी सर्वांत मर्मभेदी वाटत आला आहे. वादीचे बारा आर कमी भरतात एवढ्याने ते प्रतिवादीकडे गेले असे ठरत नाही. ते पूर्वेच्या शेजाऱ्याकडेही गेलेले असू शकतात, किंवा सातबाऱ्यावरील क्षेत्रच मुळात जास्त लिहिलेले असू शकते. प्रतिवादीच्या गटात बारा आर अधिक भरतात हे दाखविल्याशिवाय अतिक्रमणाची साखळी पुरी होत नाही. खात्याची मोजणी या कसोट्यांना उतरली नाही, तर सव्विसाव्या आदेशाच्या नवव्या नियमाखाली न्यायालयाने कमिशनर नेमून दोन्ही पक्षांच्या समक्ष पुन्हा मोजणी करवून घ्यावी, हाच राजमार्ग आहे. हद्दीच्या वादात अशी मोजणी करवून घेणे उचित असल्याचे सर्वोच्च न्यायालयानेही २००८ साली एका हद्दीच्या दाव्यात सांगितले आहे. परंतु ज्या दाव्यात अतिक्रमणाचा मुद्दाच धड लिहिलेला नसतो, तेथे कमिशनर मागण्याचे कोणाला सुचतही नाही.

दुसरा मुद्दा प्रतिकूल कबजाचा. येथे वाक्याचा कर्ता बदलतो: ‘दाव्यातील पट्टा बारा वर्षांहून अधिक काळ प्रतिकूल कबजात असल्यामुळे आपण त्याचे मालक झाल्याचे प्रतिवादी सिद्ध करतो काय?’ हा कर्ता असा बदलण्यामागे एक इतिहास आहे, आणि तो माहीत नसल्यामुळे जुन्या वळणाचे मसुदे आजही चुकतात. १९०८ च्या मुदत कायद्यातील अनुच्छेद १४२ प्रमाणे, ज्याचा कबजा हिरावला गेला असे तो म्हणे, त्या वादीलाच दाव्यापूर्वीच्या बारा वर्षांत आपण कबजात होतो हे दाखवावे लागे; मालकीचा दस्त निर्विवाद असूनही बारा वर्षांतील वहिवाट सिद्ध न झाल्याने मालकाचे दावे बुडत. १ जानेवारी १९६४ पासून अमलात आलेल्या १९६३ च्या कायद्याने मालकीवर आधारलेल्या दाव्यासाठी अनुच्छेद ६५ आणला, आणि मालकी सिद्ध झाल्यावर आपला कबजा प्रतिकूल होता आणि तो बारा वर्षे टिकला हे दाखविण्याचे ओझे प्रतिवादीच्या शिरावर ठेवले. सर्वोच्च न्यायालयानेही पुढे तसेच स्पष्ट केले. म्हणजे एकाच धुऱ्याच्या, एकाच हकिकतीच्या दोन दाव्यांत, एक १९६० सालचा आणि एक १९७० सालचा, मुद्द्यातील एका नामाच्या फरकाने दोन वेगळे निकाल लागू शकले असते.

आणि ओझे कोणावर आहे हे कळले म्हणजे त्या ओझ्यात काय काय भरलेले आहे हेही पाहावे लागते. प्रतिवादी म्हणतो ‘वडिलांच्या काळापासून’. न्यायालय विचारते, कोणत्या वर्षापासून, कोणत्या प्रकारे, खऱ्या मालकाला ठाऊक असताना की नकळत? धुरा दरसाल एका तासाने सरकला असेल, तर बारा वर्षांपूर्वी सहा मीटरांपैकी किती मीटर प्रतिवादीकडे होते? हळूहळू सरकणाऱ्या धुऱ्याच्या बाबतीत प्रतिकूल कबजाची ही तक्रार बहुधा येथेच लंगडी पडते; पण ती लंगडी आहे हे उघड होण्यासाठी ती प्रतिवादीच्या नावाने मुद्दा म्हणून कागदावर उभी असावी लागते.

दोन मुद्द्यांचे ओझे दोन पक्षांवर असले की पुरावा कोणी आधी द्यायचा हाही प्रश्न येतो. सामान्यतः वादीच प्रारंभ करतो. अठराव्या आदेशाचा तिसरा नियम त्याला एक सवलत देतो: ज्या मुद्द्यांचे ओझे प्रतिवादीवर आहे त्यांवरील आपला पुरावा तो राखून ठेवू शकतो, आणि प्रतिवादीचा पुरावा संपल्यावर त्याचे खंडन म्हणून सादर करू शकतो. पण हे राखून ठेवणे वेळीच सांगावे लागते. मुद्द्यांचा कागद न वाचलेला वादी ते सांगत नाही, आणि मग प्रतिवादीच्या तीन साक्षीदारांनी धुऱ्याविषयी जे सांगितले त्याला उत्तर द्यायला त्याच्याकडे कोणीच नसते.

आता समजा की त्याच कैफियतीत प्रतिवादीने आणखी एक वाक्य घातले: ‘वादीच्या आजोबांनी हा पट्टा माझ्या आजोबांना कुळ म्हणून दिला होता.’ हे वाक्य विदर्भात एरवीपेक्षा फार जड आहे. महाराष्ट्र कुळवहिवाट व शेतजमीन (विदर्भ विभाग) अधिनियम, १९५८ याच्या कलम १२४ प्रमाणे कोणी कुळ आहे की नाही हा प्रश्न दिवाणी न्यायालयाच्या अधिकाराबाहेरचा आहे, आणि कलम १२५ प्रमाणे असा मुद्दा दाव्यात उद्भवला तर न्यायालयाने दावा थांबवून तो मुद्दा कुळकायद्याखालील सक्षम अधिकाऱ्याकडे निर्णयासाठी पाठवायचा, आणि तेथून निर्णय आल्यावर त्यानुसार दाव्याचा निकाल करायचा. एक मुद्दा लिहिला की दावा न्यायालयातून उठून तहसील कचेरीत जातो, तेथून त्यावर अपील होते, पुनरीक्षण होते, आणि इकडे दिवाणी दाव्याची फाइल कपाटात वाट पाहत राहते. एवढी शक्ती एका वाक्यात आहे हे ओळखून, केवळ वेळ काढण्यासाठी ते वाक्य कैफियतीत घालणारेही असतात. म्हणूनच मुंबई उच्च न्यायालयाने १९७० च्या दशकात, पश्चिम महाराष्ट्रास लागू असलेल्या अशाच तरतुदीचा विचार करताना, न्यायाधीशांना बजावले की ‘मी कुळ आहे’ एवढ्या मोघम विधानावर मुद्दा काढू नये. जमीन कोणी दिली, केव्हा दिली, खंड किती आणि कसा ठरला, असा तपशील मागावा, आणि तपशिलात मुद्दा खरोखर उभा राहत असेल तरच तो पाठवावा. मला हा उपदेश मुद्दे काढण्याच्या सर्व शास्त्राचा गाभा वाटतो: मुद्दा न काढणे हाही कित्येकदा काढण्याइतकाच विचारपूर्वक करावयाचा न्यायिक निर्णय आहे.

याच्या उलट दोषही तितकाच घातक आहे, तो म्हणजे जे कोणी म्हटलेच नाही त्यावर निकाल देणे. २००८ साली सर्वोच्च न्यायालयापुढे एका अरुंद पट्ट्याचे प्रकरण आले. वादीने तो पट्टा आपल्या मालकीचा आहे म्हणून दावा केला होता. मालकी सिद्ध झाली नाही. परंतु उच्च न्यायालयाने द्वितीय अपिलात, वादीला त्यावरून येजा करण्याचा सुविधाधिकार तरी आहे, असे म्हणून त्याला हुकूम दिला. न्यायमूर्ती रवींद्रन यांनी तो निकाल रद्द केला. सुविधाधिकार वादपत्रात सांगितलेला नव्हता, त्यावर मुद्दा निघालेला नव्हता, आणि म्हणून प्रतिवादीने त्याविरुद्ध पुरावा देण्याचा प्रश्नच आला नव्हता. मालकी म्हणजे ‘ही जमीन माझी’. वाटेचा हक्क म्हणजे ‘जमीन तुझी, पण तुझ्या जमिनीवरून वीस वर्षे मी हक्काने, उघडपणे आणि निर्वेधपणे जात आलो’. या दोहोंचा पुरावा वेगळा, साक्षीदार वेगळे, बचावही वेगळा. शेताच्या पांदणीवरून वाद घालणाऱ्या आमच्या शेतकऱ्याने यातले नेमके काय मागायचे हे वादपत्रातच ठरविले पाहिजे. मुद्द्यांच्या दिवशी न्यायाधीश त्याच्यासाठी ते ठरवू शकत नाही.

तथापि कायदा येथे कर्मठ नाही. एखादा मुद्दा लिहावयाचा राहिला, पण दोन्ही पक्षांना तो वाद ठाऊक होता, दोघांनीही त्यावर साक्षीपुरावा दिला, कोणीही गाफील राहिला नाही, तर केवळ मुद्दा कागदावर नव्हता म्हणून निकाल बिघडत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने साठीच्या दशकाच्या प्रारंभी न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांच्या निकालपत्रातून सांगितले. नागपूरच्या उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती राहिलेल्या या न्यायाधीशाला मफस्सलच्या न्यायालयांतील घाईची जाणीव अपुरी असेल असे कोणी म्हणणार नाही. कसोटी एकच ठेवलेली आहे: प्रतिपक्षाला त्या प्रश्नाला तोंड देण्याची खरी संधी मिळाली होती काय?

शिवाय चुकलेला कागद दुरुस्त करण्याची वाटही शेवटपर्यंत उघडी आहे. चौदाव्या आदेशाच्या पाचव्या नियमाखाली हुकूमनामा होण्यापूर्वी न्यायालय केव्हाही मुद्दा बदलू शकते, नवा घालू शकते, वा चुकून घातलेला काढून टाकू शकते, आणि वादाच्या निर्णयासाठी आवश्यक असेल तर तसे करणे त्याचे कर्तव्यच आहे. त्यासाठी एक साधा अर्ज पुरतो, आणि तो पुरावा सुरू होण्यापूर्वी दिला तर कोणाचेच नुकसान होत नाही. पुरावा संपल्यावर दिला तर साक्षीदार पुन्हा बोलवावे लागतात, आणि निकालानंतर सुचला तर अपील न्यायालयाला एकेचाळिसाव्या आदेशाखाली मुद्दा लिहून तो खालच्या न्यायालयाकडे पुरावा व निष्कर्षासाठी परत पाठवावा लागतो. कागद तपासण्याची रीतही अवघड नाही. प्रत्येक मुद्द्यासमोर प्रथम ‘होय’ आणि मग ‘नाही’ लिहून पाहावे. दोन्ही उत्तरांनी दाव्याचा निकाल सारखाच राहत असेल तर तो मुद्दा व्यर्थ आहे. आणि सर्व मुद्द्यांची उत्तरे आपल्या बाजूने आली असे धरून पाहावे. तरीही मागितलेला हुकूम देता येत नसेल, तर एखादा मुद्दा राहून गेला आहे.

आमच्या दाव्यात दोन मुद्दे योग्य रीतीने लिहिले गेले, आणि निकालपत्राच्या आरंभी, डावीकडे मुद्दे व उजवीकडे निष्कर्ष अशा दोन रकान्यांत, अतिक्रमणासमोर ‘होय’ आणि प्रतिकूल कबजासमोर ‘नाही’ असे आले, असे समजा. हे दोन शब्द आता त्या दोन कुटुंबांवर पुढेही बंधनकारक राहतात; जो प्रश्न प्रत्यक्षपणे व मुख्यत्वेकरून मुद्द्यात होता आणि निकालात निघाला, तो कलम ११ प्रमाणे नव्या दाव्यात पुन्हा काढता येत नाही. मग अंमलबजावणीची दरखास्त होते, आणि एके दिवशी न्यायालयाचा बेलिफ भूमापकाला घेऊन इंझोरीच्या त्या शेतात उभा राहतो. त्याच्या हातातील हुकूमनाम्यात ‘पश्चिमेकडील काही भाग’ असे लिहिले असते, तर तो कोठे चुना टाकावा हे न कळून परत गेला असता. पण त्यात बारा आर आहेत, दिशा आहे, आणि निशाणी पडलेला नकाशा सोबत जोडलेला आहे. म्हणून साखळी ताणली जाते, सहा मीटर मोजले जातात, आणि दोनशे मीटर लांबीच्या त्या रेषेच्या दोन्ही टोकांना, मुद्द्यांच्या दिवशी ज्या जागेचे वर्णन लिहिले गेले होते त्याच जागी, दगड रोवले जातात.